एसएमपीएस पुरेल का? भाचीच्या ग्राफिक्स कार्डाच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४, रविवार

भाचीचा फोन आला. कॉलेजातला मित्र त्याचं आरटीएक्स ३०७० कार्ड विकतोय, घेऊ का? ती इंटिरियरचे थ्रीडी रेंडर करते. सध्या मशीनमध्ये जीटीएक्स १६५० आहे आणि एक फ्रेम संपेपर्यंत तिचा चहा दोनदा थंड होतो. एम. जी. रोडवरच्या एका दुकानदाराने तिला सांगितलं, "एसएमपीएस पाचशे वॅटचा आहे ना, मग आरामात चालेल." एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज देणारा सप्लाय. कार्डाच्या कंपनीने मात्र साडेसहाशे वॅट लिहिलेत. खरं कोणाचं, असा तिचा प्रश्न.

मी नाशिकच्या अंबडला पॅनल वायरिंगच्या कामात आहे. आमच्याकडे "आरामात चालेल" असं कोणी म्हटलं की आम्ही आधी नेमप्लेट बघतो. संध्याकाळी इंदिरानगरला तिच्याकडे गेलो, कॅबिनेटची बाजू उघडली आणि मोबाइलचा टॉर्च लावून एसएमपीएसचा स्टिकर वाचला.

वर ठळक अक्षरात ५०० वॅट. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर ३४ अँपिअर, म्हणजे ४०८ वॅट. आपल्या कामाचा आकडा हाच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरून घेतात. ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर मिळून ११० वॅट लिहिलेत, ते कार्डाच्या काही उपयोगाचे नाहीत. पाचशेत त्यांचीही बेरीज धरलेली असते. जुन्या आणि स्वस्त सप्लायमध्ये हे अंतर आणखी मोठं असतं. ५०० लिहून १२ व्होल्टवर जेमतेम साडेतीनशे देणारे मी पाहिलेत.

हे ४०८ वॅट किती तापमानाला मिळतात, ते स्टिकरवर कुठेच नाही. चांगल्या सप्लायवर ४० किंवा ५० अंश असं लिहिलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर मी ते मंद हवेतलं, थंड खोलीतलं धरतो. भाचीची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली.

मशीन २०१९ च्या दिवाळीतलं. वॉरंटी संपलेली.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. मशीन बंद करून वायरी पाहिल्या.

मित्राच्या कार्डाला आठ पिनांची दोन सॉकेट आहेत. आपल्या सप्लायमधून सहा अधिक दोन अशा दोन पिना निघतात, म्हणजे मोजून बरोबर. पण दोन्ही एकाच वायरीवर आहेत. सप्लायपासून पहिल्या पिनेपर्यंत एक जुडगा येतो आणि तिथून वीतभर शेपटी दुसऱ्या पिनेला जाते. पिवळ्या वायरीच्या रबरावर बारीक छापलेलं वाचलं. मुख्य जुडग्यावर 18AWG, शेपटीवर 20AWG. हा नंबर वाढला की तांबं बारीक होतं. एवढ्या लांबीला ते लगेच तापणार नाही, पण बनवणाऱ्याने तिथे पैसे वाचवलेत हे कळतं.

आठ पिनेची मर्यादा १५० वॅट, मदरबोर्डाच्या स्लॉटची ७५. ३०७० चा घोषित वापर २२० वॅट. त्यातले पन्नासेक स्लॉटमधून गेले तर उरलेले १७० त्या एका जुडग्यातल्या तीन पिवळ्या वायरींवर येतात. दर वायरीला पावणेपाच अँपिअरच्या आसपास. चांगल्या 18AWG वायरीला आणि घट्ट पिनेला हे झेपतं. पीन सैल असेल तर तिथेच काळी पडते.

भाचीने विचारलं, "साटा किंवा मोलेक्सवरून आठ पीन करून देणारा अडॅप्टर मिळतो, तो लावला तर?" नाही. त्या हार्डडिस्कसारख्या छोट्या भागांच्या पिना. साटा पिनेत १२ व्होल्टचे तीन संपर्क असतात, प्रत्येकी दीड अँपिअरचे. मिळून ५४ वॅट होतात. त्यावर दीडशे वॅटचं सॉकेट लावणं म्हणजे पाच अँपिअरच्या प्लगवर गीझर चालवणं.

५ मे, रविवार

आज मोजमाप. नवं कार्ड काय घेईल याचा अंदाज कागदावर बांधता येतो, पण आजचं मशीन काय घेतं ते अंदाजाने कशाला ठरवायचं? कामावरून डीसी मोजणारा टाँग टेस्टर आणला, वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा. नेहमीचा एसी टेस्टर इथे चालत नाही, डीसी करंटवर तो शून्यच दाखवतो.

आधी मीही एक चूक केली. टेस्टर झिरो केला टेबलावर आणि लावला कॅबिनेटच्या आत. लोखंडी पत्र्याजवळ आणि पंख्याच्या चुंबकाजवळ गेल्यावर रीडिंग अर्धा अँपिअर सरकलेलं. नंतर जबडा आत, ज्या जागी मोजायचं तिथेच, रिकामा धरून झिरो केला आणि मग फक्त पिवळ्या वायरी आत घेतल्या. काळी वायर चुकून आत आली तर जाणारा-येणारा करंट एकमेकांना कापतो आणि आकडा खोटा पडतो.

प्रोसेसर रायझन ५ ३६००. सीपीयू आणि कार्ड दोन्ही एकदम पूर्ण लोडवर राहतील असा रेंडर लावला. स्क्रीनवर HWiNFO या सॉफ्टवेअरमध्ये CPU PPT, म्हणजे प्रोसेसर घेत असलेली वीज, ८८ वॅट दिसत होता. प्रोसेसरच्या आठ पिनेच्या पिवळ्या वायरींवर ८.३ अँपिअर आले, म्हणजे जवळपास १०० वॅट. मधले बारा वॅट मदरबोर्डावरच्या व्होल्टेज उतरवणाऱ्या भागात उष्णता होऊन जातात. सॉफ्टवेअर चिपला मिळालेलं सांगतं, आणि सप्लायला द्यावं लागतं ते त्याहून जास्त. नुसतं स्क्रीन बघून बेरीज करणारे इथे चुकतात.

मोठ्या चोवीस पिनेतल्या दोन पिवळ्या वायरींवर ६.४ अँपिअर. १६५० ला स्वतःची पीन नाही, तिचं सगळं जेवण स्लॉटमधून, म्हणजे याच दोन वायरींतून जातं. दोन हार्डडिस्क आणि बाकी किरकोळ ०.९.

एकूण १५.६ अँपिअर. ३४ च्या निम्म्याहूनही कमी. भाचीचा चेहरा खुलला. मी म्हटलं, थांब.

१२ मे, रविवार

गेल्या आठवड्यात वेळ मिळाला नाही. आज कागद-पेन्सिल.

१५.६ मधून १६५० चा वाटा काढला. कार्ड रिकामं असताना आणि भरलेलं असताना चोवीस पिनेच्या रीडिंगमध्ये पडलेल्या फरकावरून आणि स्क्रीनवरच्या आकड्यावरून तो ५.२ अँपिअर धरला. उरले १०.४. त्यात ३०७० चे २२० वॅट, म्हणजे १८.३ अँपिअर मिळवले. एकूण २८.७. क्षमतेच्या ८४ टक्के.

इथपर्यंत दुकानदार बरोबर. पण २२० हा सरासरीचा आकडा आहे. ग्राफिक्स कार्ड एका क्षणी रिकामं असतं, पुढच्या क्षणी हजारो गणितं एकदम सुरू करतं, आणि तेवढ्या मिलिसेकंदांत करंट सरासरीच्या वर उडी मारतो. ३००० मालिकेची कार्डं या उड्यांसाठी बदनामच आहेत. मी दीडपट धरली. मग कार्डाचे ३३० वॅट, म्हणजे २७.५ अँपिअर, आणि बाकीचे १०.४ मिळून ३७.९. सप्लायच्या ३४ च्या पुढे.

पुढे गेलं म्हणजे बंद पडेलच असं नाही. ओव्हरलोडचं संरक्षण लिहिलेल्या आकड्यावर बसवलेलं नसतं, थोडं वर ठेवतात. किती वर, ते स्टिकर सांगत नाही. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात सप्लायने अशा उड्या सोसल्या पाहिजेत असं स्पष्ट लिहिलंय. अगदी अल्प क्षणासाठी तर क्षमतेच्या दुप्पट. आपला सप्लाय त्याआधीचा. त्याने असं वचन कोणाला दिलेलं नाही.

कंपनी साडेसहाशे का लिहिते तेही यातून उलगडलं. उड्या, जुना सप्लाय आणि लोकांचे वेगवेगळे प्रोसेसर, एवढ्या सगळ्यांची सोय त्या आकड्यात असते.

दुसरी गोष्ट आयत्या वेळी लक्षात आली. टेबलाखालचा यूपीएस ६०० व्हीएचा आहे. त्याच्या पाठीवर वॅट बघितले तर ३६०. आपलं १२ व्होल्टचं ३४४ वॅट, बाकीच्या लाइनचे पंचवीस, आणि सप्लायची कार्यक्षमता ८४ टक्के धरली तर भिंतीतून ४४० वॅट लागतात. म्हणजे एसएमपीएस तग धरेल की नाही ही चर्चा चालू असतानाच वीज गेली की यूपीएस आधी मान टाकणार. यूपीएसच्या खोक्यावर व्हीए मोठ्या अक्षरात आणि वॅट बारीक अक्षरात छापतात.

१९ मे, रविवार

मित्राने कार्ड दोन दिवस वापरून बघायला दिलं. मुलगा सज्जन. त्यानेही कधी त्रास पाहिला नाही म्हणाला, पण त्याचा सप्लाय साडेसातशेचा.

यूपीएस बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीच्या सॉकेटला लावलं, म्हणजे बंद पडलंच तर दोष कोणाचा हा वाद नको. सकाळी साडेसातला सुरुवात. खोलीत २८ अंश. कार्डाचा लोड दर सेकंदाला नोंदवत ठेवला:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,temperature.gpu --format=csv -l 1
```

सलग रेंडर, चाळीस मिनिटं. आकडा २१० ते २२० मध्ये. टाँग टेस्टरवर सगळ्या वायरींची बेरीज २८.९, कागदावरच्या २८.७ च्या जवळ. आठ पिनेच्या मागून मल्टीमीटरच्या बारीक सुया पिवळ्या आणि काळ्या वायरीच्या कडेने घातल्या तर ११.६८ व्होल्ट. त्याच वेळी मोकळ्या मोलेक्सवर ११.८४. मर्यादा ११.४ ची, म्हणजे पास. मधले ०.१६ व्होल्ट जुडग्यात आणि पिनेत खर्च होतात. पिनेला बोट लावलं, कोमट. शेपटीची पीन थोडी जास्त कोमट.

भाची म्हणाली, "झालं की मामा." एवढ्यावरच थांबलो असतो तर कार्ड घेऊन मोकळे झालो असतो.

२० मे, सोमवार

मतदानाची सुट्टी. सकाळी रांगेत उभं राहून आलो, दुपारी अडीचला तिच्याकडे. खोलीत ३६ अंश, पंखा गरम हवाच ढकलतोय. सप्लायच्या मागून येणारी हवा हाताला नको होत होती.

सलग रेंडर आजही व्यवस्थित. मग तिला सांगितलं, तू रोज जसं काम करतेस तसं कर. ती ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर केलेलं दृश्य चालू ठेवून कॅमेरा फिरवते. कॅमेरा हलला की कार्ड थांबतं, प्रोसेसर जोरात धावतो, आणि लगेच कार्ड शून्यावरून पूर्ण लोडवर येतं. मिनिटाला वीस-पंचवीस वेळा.

अकराव्या मिनिटाला टक्‌ असा आवाज होऊन सगळं बंद. पंखा चालू, दिवा चालू, म्हणजे घरची वीज गेली नव्हती. पॉवरचं बटण दाबलं, काही नाही. सॉकेटचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा चालू केला, तेव्हाच मशीन उठलं. ही खूण महत्त्वाची. क्षणभर वीज गेली असती तर बटणाने मशीन चालू झालं असतं. सप्लायने स्वतः संरक्षणासाठी लॉक लावून घेतला की तो मेन स्विच बंद केल्याशिवाय सोडत नाही.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या Event Viewer मध्ये Kernel-Power, Event ID 41. त्याच्या तपशिलात BugcheckCode 0. विंडोजचा स्वतःचा गोंधळ असता तर तिथे शून्याच्या जागी एरर कोड आला असता. शून्य म्हणजे विंडोजला मरताना काही लिहायलाही वेळ मिळाला नाही.

पुन्हा तेच काम केलं, नवव्या मिनिटाला पुन्हा टक्‌. टाँग टेस्टरचा कमाल आकडा जेमतेम तीसच्या पुढे. तो टेस्टरचा दोष नव्हे. तो सेकंदाला मोजकीच रीडिंग घेतो, मिलिसेकंदाची उडी त्याच्या हाती लागत नाही. उडी पाहायला ऑसिलोस्कोप लागतो, तो आमच्या शॉपमध्येही नाही.

कार्डच खराब असेल तर? संध्याकाळी एका सहकाऱ्याच्या घरून साडेसातशेचा सप्लाय आणला, त्याच्याच वायरींसकट. हे मुद्दाम लिहून ठेवतो. सुटणाऱ्या वायरींच्या सप्लायमध्ये कार्डाकडची पीन सारखी दिसते, पण सप्लायकडच्या पिनेची जुळणी दर मॉडेलला वेगळी असू शकते. दुसऱ्याची वायर बसते, आणि १२ व्होल्ट भलत्याच ठिकाणी जातात. तर तेच कार्ड, तोच सीन, तोच कॅमेरा फिरवणं, दीड तास. एकदाही बंद नाही. कार्ड निर्दोष.

रात्री आपला सप्लाय परत लावून एक शेवटचा प्रयोग केला. अ‍ॅडमिनच्या विंडोत:

```
nvidia-smi -pl 170
```

कार्डाची सरासरी १७० वर बांधली. पाऊण तास कॅमेरा फिरवला, बंद पडलं नाही. पण रात्री खोली ३१ अंशांवर आली होती, त्यामुळे हे पास झालं असं मी मानत नाही. शिवाय ही मर्यादा मशीन रीस्टार्ट झालं की पुसली जाते, आणि ती सरासरी बांधते, उड्या फक्त लहान करते. दोन दिवस काम ढकलायला ठीक. कायमचं म्हणून मी भाचीला देणार नाही.

२२ मे, बुधवार

फोनवर पर्याय सांगितले. एक, हेच कार्ड आणि सोबत साडेसहाशेचा एटीएक्स ३.० सप्लाय. दोन, कमी खाणारं कार्ड. ३०६० चा वापर १७० वॅट. माझ्या हिशोबाने एकूण २४.६ अँपिअर, आणि दीडपट उडी धरली तरी ३१.७. म्हणजे ३४ च्या आत. बहुतेक ३०६० ला आठ पिनेचं एकच सॉकेट असतं, त्यामुळे ती शेपटीही वापरावी लागत नाही.

तिने विचारलं, "पण ३०७० जास्त वेगवान ना?" हो, बराच.

एसएमपीएस उघडून मोठे कपॅसिटर बसवता येतील का, हेही तिने कुठून तरी ऐकलं होतं. नाही म्हणजे नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. मी ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये हात घालतो, पण त्या डब्यात नाही.

२५ मे, शनिवार

निर्णय तिनेच घेतला, आणि माझ्या टेस्टरवरून नाही. तिचा सगळ्यात मोठा सीन, नाशिकरोडच्या एका फ्लॅटचा, १६५० च्या चार जीबी मेमरीत मावत नाही म्हणून ती तो सीपीयूवर रेंडर करते. रेंडरच्या खिडकीत Peak समोर ९ जीबीच्या वर आकडा येतो. ३०७० ला आठ जीबी, ३०६० ला बारा. मी महिनाभर अँपिअर मोजत बसलो आणि तिने एका ओळीत प्रश्न सोडवला. मित्राला कार्ड परत, त्याला पेढे.

२ जून, रविवार

३०६० बसवलं, बारा जीबीचं, एका आठ पिनेचं. जुडग्याची पहिली, जाड वायरीची पीन लावली. शेपटी मागे वळवून टायने बांधली, तिची पीन कशाला टेकू नये म्हणून टोकाला टोपी.

दुपारी तीन, खोलीत ३५ अंश. तोच कॅमेरा फिरवण्याचा खेळ, सव्वा तास. बंद नाही. सीपीयू आणि कार्ड दोन्ही भरलेले असताना प्रोसेसरच्या पिनेवर ८.२, चोवीस पिनेवर ४.९, कार्डाच्या जुडग्यावर १०.३, बाकी ०.९. एकूण २४.३. पिनेवर ११.८६ व्होल्ट.

यूपीएसचं घोडं अजून अडलंय. दोघे भरले की भिंतीतून ३७५ च्या वर जातं, यूपीएस ३६० चा. नुसतं कार्डावर रेंडर केलं तर प्रोसेसर निवांत असतो आणि सगळं तीनशेच्या आसपास राहतं. म्हणून सध्या ब्लेंडरच्या सेटिंगमध्ये सीपीयूची खूण काढून ठेवलीय, आणि एक केव्हीएचा यूपीएस पुढच्या महिन्याच्या कामाच्या पैशांतून.

पॅनलच्या दारावर लावतो तशी पांढरी पट्टी कॅबिनेटच्या आतून चिकटवली: १२ व्होल्ट, २४.३ अँपिअर, ३५ अंश, २/६/२०२४. टाँग टेस्टर उद्या शॉपला परत.